रिजेक्शनच्या टीममध्ये भांडण कधी होतं आणि तेव्हा लीडरनं काय करायचं

(कोल्हापुरात फाउंड्रीतले सुपरवायझर आणि तरुण इंजिनिअर यांच्यासमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडनं माणसं आलेली दिसताहेत. म्हणजे कास्टिंग म्हणजे काय हे मला सांगावं लागणार नाही. त्यामुळं थेट विषयाला हात घालतो.

फॉर्मिंग, स्टॉर्मिंग, नॉर्मिंग, परफॉर्मिंग हे चार शब्द तुम्ही कुठल्या ना कुठल्या ट्रेनिंगमध्ये ऐकले असतील. ते ब्रूस टकमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचे. 1965 साली त्यानं गटांवर तोवर झालेले पन्नास अभ्यास एकत्र वाचले आणि त्यातनं हा क्रम काढला. त्यात त्यानं प्रत्येक टप्प्याकडं दोन बाजूंनी बघितलं: माणसं एकमेकांशी कशी वागतात आणि हातातल्या कामाशी कशी वागतात. ट्रेनिंगच्या स्लाइडवर चार चौकोन येतात आणि ही दुसरी बाजू गळून जाते. मला आज तीच धरून बोलायचं आहे, कारण फाउंड्रीतलं भांडण बहुतेक वेळा तिथंच सुटतं.

एक उदाहरण घेऊ. दोन-तीन कारखान्यांत बघितलेलं एकत्र करून सांगतोय, त्यामुळं नाव शोधत बसू नका. गिअरबॉक्सचं हाउसिंग, ग्रे आयर्न, आत कोअर. मशीन शॉपमध्ये बोअर मारताना आत पोकळी उघडी पडते आणि जॉब बाद होतो. मालकांनी बारा आठवड्यांची मुदत देऊन टीम केली: सँड आणि मोल्डिंग, कोअर शॉप, मेल्टिंग, फेटलिंग, मशीन शॉप आणि क्वालिटी. लीडर क्वालिटीतला तरुण इंजिनिअर. मेल्टिंगचे अण्णा त्याच्या वडिलांच्या वयाचे.

पहिली मीटिंग कशी होते? सगळे गुपचूप. चहा येतो, बिस्किटं येतात. कोणी विचारतं, "साहेब, आम्ही नेमकं काय करायचं?" आपण म्हणतो, माणसं किती शांत, किती सहकार्य करणारी! हा फॉर्मिंगचा टप्पा. माणसं अंदाज घेत असतात. एक जण मुद्दाम दहा मिनिटं उशिरा येतो, लीडर काय म्हणतो बघायला. दुसरा हळूच विचारतो, "हे सगळं लिहून वर जाणार काय?" हा प्रश्न फार महत्त्वाचा. त्याचा खरा अर्थ आहे, माझ्या शिफ्टचा इन्सेंटिव्ह कापला जाणार काय?

या टप्प्यावर लीडरनं स्पष्ट सांगायचं असतं. "तुम्हीच ठरवा" हे इथं चालत नाही, कारण ठरवायला लागणारी ओळखच अजून झालेली नसते. कुठलं कास्टिंग, कुठला दोष, कधीपर्यंत, लाइन थांबवून ट्रायल घ्यायचा अधिकार टीमला आहे का, हे लीडरनं सांगावं. आणि इन्सेंटिव्हचा प्रश्न मीटिंगच्या आधीच मालकांकडनं सोडवून आणावा. टीममध्ये जे उघड होईल त्यावरनं कुणाचा पैसा कापणार नाही, एवढं वाक्य त्यांच्याकडनं मिळालं नाही, तर टीम काढूच नये. कारण पुढं प्रत्येक जण आकडे झाकणार, आणि झाकलेल्या आकड्यांवर भांडणसुद्धा नीट होत नाही.

दुसरा-तिसरा आठवडा आला की सुरू. कोअरवाला म्हणतो, वाळूत पाणी जास्त आहे. मोल्डिंगवाला म्हणतो, "वाळू माझी चांगली हाय, तुझा कोअरच ओला असतोय." दोघं मिळून मेल्टिंगकडं बघतात, की धातू थंड ओतला. अण्णा म्हणतात, मी ही भट्टी चालवतोय तेव्हा तुम्ही शाळेत होता. फेटलिंगवाला गप्प बसतो, पण पुढच्या मीटिंगला स्वतः न येता हाताखालच्या पोराला पाठवतो.

यातलं शेवटचं जास्त धोक्याचं. आवाज चढणं हे स्टॉर्मिंग आहे हे कुणालाही कळतं. पण मीटिंगला पोरगा पाठवणं, "डेटा अजून आला नाही" म्हणणं, हेही तेच आहे. गटाचं काम माणसाला स्वतःविषयी काही उघड करायला लावणारं असेल तर विरोध भावनेच्या भरात उघड येतो आणि काम कोरडं, तांत्रिक असेल तर तो कमी दिसतो, असं टकमननंही म्हटलं होतं. आपल्याकडं निदान तोंडावर बोलायची पद्धत आहे, ही लीडरची सोयच म्हणायची.

आता लीडर इथं काय काय करतो ते बघा. एक, निवाडा देतो: "कोअरचीच चूक आहे." झालं, कोअर शॉप टीममधनं गेलं. दोन, "आपण सगळे एका घरातले" म्हणून भांडण दाबतो. भांडण मीटिंगमधनं उठतं आणि कँटीनमध्ये जाऊन बसतं. तीन, मालकांना बोलावतो. मग मालक असेपर्यंत शांतता आणि त्यानंतर लीडरला कुणी विचारत नाही. तिन्ही वेळा लीडर माणसांची बाजू मिटवायला जातो आणि कामाची बाजू तशीच राहते.

करायचं ते असं. बाद झालेली कास्टिंग टेबलावर आणा. दोषाच्या जागी फोडा किंवा कापा. मग प्रत्येक खात्याच्या माणसानं दुसऱ्याला न विचारता, प्रत्येक तुकड्यावर हा दोष कुठला ते स्वतःच्या कागदावर लिहायचं. कागद एकमेकांशेजारी ठेवले की पहिल्यांदा शांतता होते, कारण एकाच तुकड्याला तिघांनी तीन नावं दिलेली असतात. आजवर सगळे "ब्लोहोल" म्हणत होते, पण एका ढिगात पोकळीची भिंत गुळगुळीत आहे, म्हणजे गॅस. दुसऱ्यात कडेला वाळूचे कण अडकलेत, म्हणजे साच्यातनं किंवा कोअरमधनं सुटलेली वाळू. काहींत जाड भागात आतून खडबडीत पोकळी, म्हणजे धातू आकसला आणि फीडिंग कमी पडलं. तीन वेगळे रोग आणि तीन वेगळी कारणं, आणि माणसं एकाच नावावरनं भांडत होती.

यानंतर भांडण थांबत नाही, पण त्याची जात बदलते. आता "तू" जाऊन "हा तुकडा" येतो. लीडरला टप्पा ओळखायला यासारखी खूण दुसरी नाही: वाक्यांचा कर्ता कोण आहे ते कान देऊन ऐका.

आपल्या उदाहरणात सगळ्यात मोठा ढीग गुळगुळीत पोकळीचा निघाला, आणि तीही कोअरच्या बाजूला. म्हणजे बोट कोअरवाल्याकडंच गेलं की! इथं लीडर घसरू शकतो. त्यानं विचारायचा प्रश्न असा की कोअर बनला कधी आणि वापरला कधी. सिलिकेट-सीओटूचा कोअर ठेवून दिला की हवेतली ओल धरतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर जास्तच. गरम धातू लागला की त्या ओलीची वाफ होते, व्हेंट अपुरा असला की ती धातूत शिरते. कास्टिंगवरच्या हीट नंबरवरनं दिवस काढले, तेव्हा दिसलं की बाद जॉबमध्ये आधीच्या दिवशी बनवून ठेवलेले कोअर जास्त होते. कोअरवाला म्हणाला, मी आधी बनवून ठेवतो कारण मोल्डिंगचा प्लॅन दुपारी बदलतो, मग ऐन वेळी कोअर नाही म्हणून ओरडा माझ्यावर. मोल्डिंगवाला म्हणाला, प्लॅन बदलतो कारण मेल्टिंगची पहिली हीट उशिरा येते. तिघांच्याही कामात एक-एक दुवा सापडला.

इथून नॉर्मिंग सुरू होतं. नियम त्यांनीच केले: कोअरच्या ट्रेवर खडूनं तारीख आणि शिफ्ट. आदल्या शिफ्टचा कोअर पुन्हा ओव्हनमधून काढल्याशिवाय साच्यात नाही. कोअर बसवणाऱ्या कामगारानं ट्रे परत पाठवला तर कुणी त्याला विचारायचं नाही. हीट उशिरा होणार असेल तर मेल्टिंगनं कोअर शॉपला आधी फोन करायचा. बघा, यातला एकेक नियम एकेका भांडणातनं आलाय. लीडरनं हेच नियम पहिल्या आठवड्यात स्वतः टाइप करून भिंतीवर लावले असते, तर कुणी वाचलेसुद्धा नसते.

लीडरनं आता मागं सरकायचं. मीटिंग एकदा अण्णांनी चालवावी, एकदा कोअरवाल्यानं. पण एक सावधगिरी. मैत्री झाली की माणसं एकमेकांना सांभाळून घ्यायला लागतात. मीटिंग पंधरा मिनिटांत आटोपते, कुणाचंच काही म्हणणं नसतं आणि रिजेक्शनचा आकडा मात्र जागचा हलत नाही. असं दिसलं की तो एकोपा खोटा समजा. मशीन शॉपच्या माणसाला आधी बोलायला लावा. दोष त्याच्या टूलखाली उघडा पडतो आणि त्याला कोअर-मोल्डिंगच्या मैत्रीशी देणंघेणं नसतं.

परफॉर्मिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मेल्टिंगचा माणूस जाता-जाता कोअरच्या ट्रेवरची तारीख बघतो, काही चुकलं तर मीटिंगची वाट न बघता फोन करतो. त्याचं खातं आणि दुसऱ्याचं खातं यातली रेघ कामापुरती पुसट झालेली असते. लीडरनं ट्रायलला वेळ मिळवून द्यायचा, सामान आणून द्यायचं आणि रोज "काय झालं?" विचारत फिरायचं नाही.

आता या मॉडेलची मर्यादा. टकमनचे ते पन्नास अभ्यास बरेचसे मानसोपचाराच्या आणि प्रशिक्षणाच्या गटांचे होते, कारखान्यांचे नव्हते, आणि नमुना एकांगी आहे हे त्यानं स्वतःच लिहिलं होतं. 1977 साली त्यानं मेरी अ‍ॅन जेन्सनबरोबर पाचवा टप्पा जोडला, गट विसर्जित होण्याचा. पुढं 1988 मध्ये कॉनी गेर्सिक या संशोधक बाईंनी मुदत ठरलेले आठ प्रकल्प-गट बारकाईनं पाहिले. ते चार पायऱ्या चढत गेले नव्हते. पहिल्याच बैठकीत धरलेल्या वाटेनं चालले आणि मुदत साधारण अर्धी संपली तेव्हा एकदम दिशा बदलली. मला वाटतं, दोन्ही एकत्र वापरावं. बारा आठवड्यांची टीम असेल तर सहाव्या आठवड्यात एक लांब बैठक आधीच ठरवून ठेवा. त्या वेळी टीम आपल्या पद्धतीबद्दल ऐकायला तयार असते. दुसऱ्या आठवड्यात तेच सांगाल तर वाद होतो आणि अकराव्यात सांगाल तर उपयोग नसतो.

मघाशी एका दादांनी चिठ्ठी पाठवली आहे: टीम चांगली चालू असताना मोल्डिंगचा सुपरवायझर बदलला, तर काय करायचं? टीम परफॉर्मिंगला आहे असं समजू नका. नवा माणूस आला की ओळख, अंदाज, थोडी तणातणी हे सगळं पुन्हा होतं, फक्त थोडक्यात. त्याला भिंतीवरचे नियम वाचून दाखवून भागणार नाही. फोडलेले तुकडे जपून ठेवले असतील तर ते टेबलावर मांडा, कागद द्या आणि त्याला दोषांची नावं लिहायला सांगा. तो एखाद्या तुकड्याला वेगळं नाव देईल. त्यावर अण्णांनी त्याच्याशी वाद घालावा. लीडरनं मध्ये पडू नये.