गडद रंगाच्या मागे काय आहे?

(मालवणात, घरगुती निवास आणि खानावळ चालवणाऱ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

समजा, देवबागला चार खोल्यांचं घर आहे, मागे खाडी आणि पुढे खानावळ. आकडे मी आजच्यासाठी बेतलेत, पण वहीतल्या नोंदी तुमच्यासारख्याच आहेत. प्रत्येक महिन्याला पाच गोष्टी लिहिल्यात: किती खोल्या किती रात्री भरल्या, किती ताटं गेली, जाहिरातीवर किती खर्च झाला, सुरमईचा किलोचा सरासरी दर आणि थाळीमागे सुटलेले पैसे. तीन वर्षांचे 36 महिने, म्हणजे 36 ओळी.

कुठलेही दोन रकाने घेतले की एक आकडा निघतो, सहसंबंध गुणांक. दोन्ही गोष्टी एकदम वाढत-घटत असतील तर तो 1 च्या जवळ जातो, एक वाढताना दुसरी घटत असेल तर उणे 1 कडे, आणि सरळ रेषेतलं नातं नसेल तर शून्याच्या आसपास राहतो. एक्सेलमध्ये खोल्या आणि ताटं यांच्यासाठी एवढं लिहायचं:

```
=CORREL($B$2:$B$37,$C$2:$C$37)
```

पाच गोष्टींच्या दहा जोड्या होतात. त्या चौकटीत मांडल्या की रंग भरायचा, आणि पहिली चूक इथेच होते. `Color Scales` नुसतं दाबलं तर एक्सेल तुमच्या तक्त्यातला सर्वांत लहान आकडा एका टोकाला आणि मोठा दुसऱ्या टोकाला धरतं. सगळे आकडे 0.12 ते 0.96 मधले असले तर बिचारा 0.12 लालभडक होतो आणि आपण म्हणतो, ‘इथे उलटं नातं आहे!’ असं काहीच नसतं. म्हणून `More Rules` मध्ये जाऊन तीन रंगांची पट्टी घ्यायची, प्रकार `Number` करायचा आणि -1, 0, 1 हे आकडे स्वतः टाकायचे. -1 ला लाल, शून्याला पांढरा, 1 ला निळा. आता पांढरं म्हणजे खरंच काही नाही.

आपल्या तक्त्यात सर्वांत गडद निळं काय दिसतं? खोल्या आणि ताटं, 0.96. यात शोध काही नाही. राहायला आलेला माणूस जेवणारच. त्यावर वेळ घालवू नका.

दुसरा गडद चौकोन मात्र मोहात पाडणारा आहे: जाहिरात आणि खोल्या, 0.83. मालक म्हणेल, जाहिरात दुप्पट करू. थांबा. आधी या दोन रकान्यांचा ठिपक्यांचा आलेख काढा, प्रत्येक महिन्याचा एक ठिपका. ठिपके रेषेत नाहीत, दोन घोळके आहेत. खाली डाव्या कोपऱ्यात जून ते सप्टेंबर, वर उजवीकडे बाकीचे महिने. पावसात पाहुणे नसतात, म्हणून आपण जाहिरातही बंद ठेवतो. दोन्ही आकडे खाली नेले ते पावसाने. वरच्या घोळक्याकडे एकटं बघितलं तर ठिपके नुसते विखुरलेले.

म्हणून पावसाळ्याचे 12 महिने काढून उरलेल्या 24 महिन्यांचा नवा तक्ता करायचा. 0.83 उतरतो 0.21 वर. 24 ठिपक्यांमध्ये 0.40 च्या आतला आकडा निव्वळ योगायोगानेही सहज येतो, तेव्हा यावरून जाहिरातीचा उपयोग झाला असं म्हणता येत नाही, आणि झालाच नाही असंही नाही.

पण याच नव्या तक्त्यात एक चौकोन उजळून दिसतो, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. सुरमईचा दर आणि थाळीमागे सुटणारे पैसे. आधी उणे 0.18, जवळजवळ पांढरा. आता उणे 0.62, चांगला लाल. पावसाळ्याने तो झाकला होता: 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, सुरमई महाग, पण तेव्हा आपण सुरमईची थाळी लावतच नाही, म्हणून दर चढला तरी थाळीमागे सुटणाऱ्या पैशांवर त्याचा परिणाम होत नाही. हंगामात मात्र थाळीचा दर पाटीवर रंगवलेला असतो आणि लिलावातला दर रोज हलतो. फरक मालकाच्या खिशातून जातो. इथे आकड्यामागचं कारणही हाताशी आहे, आणि माझा विश्वास त्यामुळेच बसतो.

मग करायचं काय? बांगड्याची थाळी पाटीवर राहू द्या. सुरमईपुढचा दर पुसा आणि तिथे रोज सकाळी खडूने लिहा. जाहिरातीसाठी वेगळी परीक्षा हवी: नोव्हेंबरपासून एक आठवडा जाहिरात चालू, एक आठवडा बंद, असं आळीपाळीने फेब्रुवारीपर्यंत. नाताळाचे दोन आठवडे हिशेबातून वगळा, तेव्हा खोल्या तशाही भरतात. आणि वहीत एक रकाना वाढवा, बुकिंगचा फोन ज्या दिवशी आला त्याची तारीख. पाहुणा जानेवारीत येतो, पण त्याने जाहिरात पाहिलेली असते डिसेंबरात, आणि महिन्याला महिना जोडणाऱ्या तक्त्याला हे दिसत नाही.