बूटलोडर अनलॉक केल्यावर कुलूप नेमके कशाचे निघते?

अँड्रॉइड फोनचा बूटलोडर अनलॉक केला की आतला सगळा डेटा पुसला जातो, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. मात्र तो का पुसला जातो, आणि त्यानंतर त्या फोनमध्ये आपण जो नवा डेटा साठवू लागतो तो पूर्वीइतकाच सुरक्षित राहतो का, हे दोन प्रश्न सहसा मागे पडतात. आज मी त्या दोन प्रश्नांपुरतेच बोलणार आहे.

डेटा पुसणे ही उत्पादकाने केलेली शिक्षा आहे असे अनेकजण मानतात. मला ते पटत नाही, आणि कारण समजण्यासाठी आधी व्हेरिफाइड बूट कसे चालते ते पाहावे लागेल. बूटलोडरपाशी उत्पादकाची सार्वजनिक किल्ली असते. फोन सुरू होताना तो vbmeta नावाच्या छोट्या पार्टिशनवरची सही त्या किल्लीने तपासतो. सही खरी ठरली तरच त्यात नोंदवलेल्या हॅशवर विश्वास ठेवला जातो. कर्नल ज्यात असतो ते boot पार्टिशन आकाराने लहान असल्यामुळे सुरुवातीलाच संपूर्ण तपासले जाते. system पार्टिशन मात्र काही गिगाबाइटचे असते; ते दर वेळी पूर्ण वाचत बसले तर फोन सुरू व्हायला फार वेळ लागेल. म्हणून dm-verity ही यंत्रणा त्याचे ४,०९६ बाइटचे ब्लॉक, जेव्हा जो वाचला जाईल तेव्हा, हॅशच्या वृक्षाशी ताडून पाहते. एका ब्लॉकमध्ये एक बिट जरी बदलला असेल तरी तो वाचताना चूक उघड होते.

या तपासणीतून जो निष्कर्ष निघतो तो फक्त पडद्यावर इशारा दाखवण्यासाठी नसतो. फोन लॉक आहे की अनलॉक, आणि सिस्टीम कोणत्या किल्लीने तपासली गेली, या दोन गोष्टी बूटलोडर प्रोसेसरमधल्या वेगळ्या, सुरक्षित भागाला कळवतो. डेटा एन्क्रिप्ट करणाऱ्या किल्ल्या याच भागाच्या ताब्यात असतात, आणि प्रत्येक किल्ली ती तयार झाली त्या वेळच्या या अवस्थेला बांधलेली असते. अवस्था बदलली की जुन्या किल्ल्या चालत नाहीत. तेव्हा अनलॉक करताना बूटलोडरने समजा काहीही पुसले नाही, तरी नियमाप्रमाणे बनवलेल्या फोनमध्ये जुना डेटा उलगडता येणार नाही. पुसणे हा त्यावरचा दुसरा बंदोबस्त आहे, आणि दोन्हींचा हेतू एकच: फोन चोरणाऱ्याने अनलॉक करून स्वतःची सिस्टीम घातली, तरी मालकाचा डेटा त्याच्या हाती लागू नये.

अनलॉक करण्याची कृती थोडक्यात अशी आहे. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडायचे आणि OEM unlocking चालू करायचे. त्यासाठी स्क्रीन लॉकचा पिन मागितला जातो, म्हणून चोराला ही पहिली पायरीच चढता येत नाही. काही फोनमध्ये हा पर्यायच निष्क्रिय असतो आणि तिथे विषय संपतो. पर्याय चालू झाल्यावर तिथेच USB debugging सुद्धा चालू करून संगणकावरून पुढील आज्ञा द्यायच्या असतात:

```
adb reboot bootloader
fastboot flashing unlock
```

शेवटची संमती फोनवरच्या बटणांनी द्यावी लागते. त्यानंतर फोन ज्या अवस्थेत जातो तिला नारिंगी म्हणतात. प्रत्येक वेळी सुरू होताना इशारा दिसतो, पण सही जुळो वा न जुळो, सिस्टीम सुरू होते.

आता दुसरा प्रश्न. नारिंगी अवस्थेत तुम्ही नवी सिस्टीम घातली, पिन ठेवला, फोटो काढले. हा डेटा एन्क्रिप्ट केलेला असतो का? असतो, आणि इथेच अनेकांची फसगत होते. या डेटाचे दोन भाग पडतात. फोटो, संदेश आणि बहुतेक ॲपचा मजकूर ज्या भागात असतो, त्याची किल्ली तुमचा पिन दिल्याशिवाय तयारच होत नाही. दुसरा, लहान भाग फोन सुरू होताच पिनशिवाय उघडतो, कारण गजर वाजण्यासाठी, फोन येण्यासाठी किंवा ओळखीच्या वायफायशी जोडले जाण्यासाठी तो लागतो.

असा फोन तुम्ही पंधरा मिनिटे एखाद्या खोलीत ठेवून गेलात असे समजा. कोणीतरी तो केबलने जोडतो आणि boot पार्टिशनवर स्वतःची बदललेली प्रत लिहितो. फोन आधीच अनलॉक असल्यामुळे यात काहीच पुसले जात नाही. फोन आधीही नारिंगी होता आणि नंतरही नारिंगीच आहे, त्यामुळे सुरक्षित भागाला काही बदलल्याचे कळत नाही आणि तो किल्ल्या देतो. पिनशिवाय उघडणारा भाग त्या माणसाला लगेच वाचता येतो. फोटो अजूनही बंद आहेत, कारण पिन त्याला माहीत नाही आणि चुकीच्या पिनांमधली सक्तीची प्रतीक्षा त्याच सुरक्षित भागाकडून लादली जाते. पण त्याला पिन शोधण्याची गरजच उरलेली नाही. तुम्ही परत येता, तोच नेहमीचा इशारा पाहता आणि बदललेल्या सिस्टीमच्या पडद्यावर स्वतःच्या हाताने पिन टाकता. एन्क्रिप्शन कुठेही मोडलेले नसते. पिन कोणाच्या हाती दिला जातो आहे हे तपासणारा मध्यस्थ तेवढा तुम्ही आधीच दूर केलेला असतो. अनलॉक केलेला फोन रोज वापरणाऱ्यांनी ही एवढी गोष्ट तरी समजून घ्यावी, अशी माझी कळकळ आहे.

यावर खरा उपाय आहे, पण तो मोजक्याच फोनमध्ये मिळतो. पिक्सेल हे त्यातले ठळक उदाहरण. सिस्टीम तयार करणारा तिच्यावर स्वतःच्या किल्लीने सही करतो, आणि त्या किल्लीचा सार्वजनिक भाग आपण फोनमध्ये बसवून बूटलोडर पुन्हा लॉक करतो:

```
fastboot flash avb_custom_key avb_pkmd.bin
fastboot flashing lock
```

लॉक करतानाही सगळा डेटा पुसला जातो, कारण अवस्था पुन्हा बदलते. आता फोन पिवळ्या अवस्थेत येतो: वेगळी सिस्टीम आहे असे तो सांगतो आणि किल्लीच्या ठशाचे निदान पहिले आठ हेक्स अंक दाखवतो. ते सिस्टीम तयार करणाऱ्याने जाहीर केलेल्या ठशाशी जुळतात का, हे पहिल्याच वेळी पाहून घ्यावे. मघाच्या खोलीतल्या माणसाला आता boot पार्टिशनवर काही लिहिता येत नाही. लिहायचे तर आधी अनलॉक करावे लागेल आणि त्यात डेटा जाईल.

याच पायरीवर माझ्या हातून एक फोन बंद पडला होता. मूळ सिस्टीमचे boot पार्टिशन मी रूटसाठी बदलले होते आणि ते तसेच ठेवून लॉक केले. सही जुळली नाही, फोन लाल अवस्थेत गेला आणि सुरू होईना. OEM unlocking चालू राहिले होते म्हणून पुन्हा अनलॉक करून तो सावरता आला. ते बंद असते तर तो मार्गही उरला नसता. म्हणून लॉक करण्याआधी पुढील आज्ञा देऊन उत्तर १ येते का ते मी नेहमी पाहतो:

```
fastboot flashing get_unlock_ability
```

लॉक झाल्यावर हा पर्याय लगेच बंद करावा का, असे मला वारंवार विचारले जाते. बंद केला तर फोन हाती लागलेल्या कोणालाही तो अनलॉक करता येत नाही. चालू ठेवला तर एखादे अपडेट फसल्यावर डेटा नाही, पण निदान फोन वाचवता येतो. मी स्वतः लॉक केल्यानंतरचे पहिले अपडेट नीट बसेपर्यंत तो चालू ठेवतो आणि त्यानंतरच बंद करतो.