नावापुढच्या डिग्र्या: आधी कोणती, मागून कोणती

(तालुक्याच्या वाचनालयातलं बोलणं, थोडं नीट करून)

नमस्कार मंडळी. मी शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं काढली, त्यामुळं सह्या आणि शिक्के किती पाह्यले त्याचा हिशोब नाही. परवा आपल्याच एका गुरुजीनं नवा शिक्का बनवायला म्हणून कागद आणला, त्याच्यावर लिहिलं होतं "प्रा. डॉ. अमुक, पीएच.डी., एम.ए., बी.ए., बी.एड., डी.एड., सेट, एमएस-सीआयटी". मी म्हटलं भाऊ, हे सारं सेवापुस्तकात पाह्यजे, तिथं तारखेसकट लागते, पण सही म्हणजे सेवापुस्तक नाही.

मग आम्ही दोघं बसून एकेक खोडत गेलो. एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स, डिग्री नाही, तो गेला. सेट ही पात्रता परीक्षा, कॉलेजच्या अर्जात तिचं महत्त्व मोठं, पण विद्यापीठानं दिलेली ती पदवी नाही, म्हणून सहीत नको. डी.एड. पदविका आहे, बी.एड. झाल्यावर ती वेगळी सांगायची गरज उरत नाही. आणि बी.ए. एम.ए.च्या पोटात आली, कारण बी.ए. न करता एम.ए. कोण करते? एकाच लायनीतली मोठी पदवी लहानीला गिळते, हे एवढं ध्यानात ठेवा.

आता राह्यल्या तीन. आपल्याकडची पद्धत इंग्रजांच्या वेळची, लहानीकडून मोठीकडं जायचं, म्हणून पीएच.डी. सगळ्यात शेवटी. इथं गुरुजी अडले, म्हणे मग बी.एड. आधी आणि एम.ए. मागून पाह्यजे, एम.ए. मोठी ना! बरोबर विचारलं त्यानं. पण बी.एड. वेगळ्या लायनीतली, धंद्याची पदवी, ती बी.ए.नंतर केली म्हणून आधी "बी.ए., बी.एड." असं लिहीत होते, पुढं एम.ए. झाली की ती बी.ए.च्याच खुर्चीवर बसते, बी.एड. आपल्या जागेवरून हलत नाही. मी तरी असंच समजावून सांगतो. म्हणून झालं "एम.ए., बी.एड., पीएच.डी." वकिलांचं "एम.ए., एलएल.बी." असते तेही तसंच.

आणि डॉ. आधी लावलं तर मागं पीएच.डी. नको, दोन्ही एकच गोष्ट सांगून राहिले. दोन्हीतलं एक ठेवा.

तुम्ही म्हणाल क्रम वर्षावरून लावायचा का मोठेपणावरून? याच्यासाठी बाबासाहेबांच्या नावाची पाटी पहा, आपल्याकडं गावोगावी आहे, नागपूर तर जवळच. कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. 1915 ची. लंडनची डी.एस्सी. 1923 ची. आणि कोलंबियाची पीएच.डी. रीतसर मिळाली 1927 मध्ये, म्हणजे डी.एस्सी.च्या चार वर्षं मागून. तरी पाटीवर काय असते? "एम.ए., पीएच.डी., डी.एस्सी." कारण इंग्रजी विद्यापीठांत डी.एस्सी. पीएच.डी.च्या वरची धरतात, म्हणून ती मागं जाते. वर्ष पाहून लावलं असतं तर उलटं झालं असतं. त्याच्यापुढं एलएल.डी. कोलंबियाची, 1952, आणि डी.लिट. उस्मानिया विद्यापीठाची, 1953, ह्या दोन्ही सन्मानाच्या पदव्या, म्हणून त्या कमावलेल्या पदव्यांच्या मागं. बार-अॅट-लॉ शेवटी, कारण ती वकिलीची सनद आहे, विद्यापीठाची पदवी नाही. लंडनची एम.एस्सी.ही होती त्यांची, 1921 ची, काही पाट्यांवर असते काहींवर नसते, डी.एस्सी.त ती आलीच. पाटी रंगवायला देणाऱ्यानं एकदा हा क्रम समजून घेतला तर पेंटरले सांगता येते, नाहीतर तो जागा पुरेल तसं लिहिते आणि मागचं पुढं होते. मले ते पाहून खरंच वाईट वाटते, कारण त्या एकेका अक्षरामागं माणूस उपाशी राहून शिकला.

आता टिंबाचं सांगतो, सगळ्यात जास्त चूक तिथंच. टिंब जिथं शब्द तुटला तिथं येते. पीएच.डी.मधलं "पीएच" हे फिलॉसॉफी या एकाच शब्दातली पहिली दोन अक्षरं, मग पी आणि एचच्या मधात टिंब कशाले? "पी.एच.डी." चूक. एलएल.बी.चं तर अजून वेगळं, लॅटिनमध्ये अनेकवचन दाखवायले अक्षर दोनदा लिहितात, कायदे म्हणून दोन एल, म्हणजे तोही एकच शब्द, टिंब दोन्ही एलच्या मागून एकदाच. आपल्याकडच्या कितीक पाट्या "एल.एल.बी." म्हणतात.

अमेरिकेत कोणाचं पोरगं अर्ज करून राहिलं असंल तर तिथली रीत वेगळी, बहुतेक सगळ्यात मोठी एकच लिहितात, डॉ. न लावता. त्याच्या कागदावर आपला क्रम लादू नका.

गुरुजीचा शिक्का शेवटी असा झाला: "डॉ. अमुक, एम.ए., बी.एड." एका ओळीत बसला, आणि शिक्केवाल्यानं अक्षर मोठं करून दिलं.