तुमचंही भलं होवो

नमस्कार श्रोतेहो. वेगळ्या धर्माचा माणूस त्याच्या धर्मातल्या शब्दांत आपल्याला अभिवादन करतो, तेव्हा उत्तर काय द्यावं याविषयी आज बोलायचं आहे. मनात आपुलकी असते, पण ऐनवेळी शब्द सुचत नाही. आपण नुसतं हं म्हणतो आणि समोरच्याला ते तुटक वाटतं.

मला वाटतं, अशा वेळी आधी एक गोष्ट बघावी. त्या अभिवादनाचं जे रूढ उत्तर आहे, ते आपल्याकडून काय मागतं? कुणी 'अस्सलामु अलैकुम' म्हणालं, तर तुमच्यावर शांती असो, एवढीच त्यातली इच्छा असते. उत्तर 'व अलैकुमुस्सलाम', म्हणजे तुमच्यावरही असो. समोरच्याला शांती लाभावी असं म्हणायला धर्म बदलावा लागत नाही. कुराणातच, चौथ्या अध्यायात, सांगितलंय की कुणी अभिवादन केलं तर त्याहून चांगलं, निदान तेवढंच तरी परत करा. म्हणून उत्तराची वाट पाहिली जाते, आणि गप्प बसणं जास्त बोचतं. ज्यू माणसाच्या 'शालोम'चंही तसंच. उलट 'शालोम' म्हणावं आणि हसावं.

आता ईस्टर घ्या. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक त्या दिवशी भेटले की म्हणतात, "ख्रिस्त उठला आहे." रूढ उत्तर असतं, "खरोखर उठला आहे." इथे उत्तर देणारा आपल्या श्रद्धेची साक्ष देतो. आपली ती श्रद्धा नसेल, तर ते शब्द उसने घेऊ नयेत. "ईस्टरच्या मनापासून शुभेच्छा, घरी सगळ्यांना सांगा," एवढं पुरतं, आणि ते खरंही असतं. 'जय जिनेंद्र'सारख्या जयघोषाला अनेकजण सहज तोच जयघोष परत करतात. पण काहींच्या श्रद्धेत दुसऱ्या दैवताचा जयघोष बसत नाही. त्यांनी हात जोडून, नाव घेऊन "नमस्कार, कसे आहात?" म्हटलं, तरी त्यात काही उणं राहत नाही. तसं करणाऱ्याला आपणही कोता समजू नये.

खरी कसोटी दुःखात लागते. समजा, तुमच्या वडिलांचं ऑपरेशन चालू आहे. तुम्ही बाहेर बसलेले आहात. शेजारच्या बाई विचारतात, कोण आहे आत? तुम्ही सांगता. त्या तुमच्या हातावर हात ठेवून म्हणतात, "प्रभू येशू त्यांना बरं करील. मी प्रार्थना करते." तुम्ही ख्रिस्ती नाही, कदाचित कुठलाच देव मानत नाही. "माझा विश्वास नाही" हे त्या क्षणी खरं असेल, पण त्यांनी ते विचारलेलंच नाही. त्यांनी तुमची काळजी वाहिली आहे, तेव्हा उत्तर काळजीला द्यावं: "तुम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करताय, फार आधार वाटला. तुमचं कोण आहे आत?" हा शेवटचा प्रश्न विसरू नका. त्याही कुणासाठी तरी तिथे ताटकळत बसलेल्या असतात, आणि त्यांना तो कुणी विचारलेला नसतो. त्या म्हणाल्या, मुलगी आहे, तर "तीही लवकर बरी होवो" म्हणा. त्या तिथेच डोळे मिटून प्रार्थना म्हणू लागल्या, तर शांत बसा. 'आमेन' म्हणजे त्या प्रार्थनेला दिलेली संमती. ती द्यायची नसेल, तर मान खाली घालून थांबणं पुरे.

बिघडतं कुठे, तर उत्तर आव्हानासारखं दिलं की. समोरचा 'राम राम' म्हणाला आणि आपण मुद्दाम आवाज चढवून आपल्या धर्माचा शब्द फेकला, तर शब्द कितीही पवित्र असो, त्याला टोला लागतो. तोच शब्द हळू आवाजात, डोळ्यांत बघत म्हटला, तर कुणालाच खुपत नाही. दुसरी चूक म्हणजे नक्कल: त्यांचे उच्चार मुद्दाम घोटून, अंगविक्षेप करून म्हणणं. उच्चार चुकला तरी चालतो, पण खेळ केलेला लगेच कळतो.

आणि एखादा पुन्हा पुन्हा त्याचाच जयघोष तुमच्या तोंडून वदवून घ्यायला बघत असेल, तर तिथे अभिवादन संपलेलं असतं. "तुमच्या भावनेचा मान राखतो, पण मी नमस्कारच करतो," असं एकदा स्पष्ट, न चिडता सांगावं आणि विषय बदलावा.

कुणी गेल्याचं कळल्यावर मुस्लिम माणूस 'इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन' म्हणतो: आपण अल्लाहचे आहोत आणि त्याच्याकडेच परत जाणार आहोत. तुमच्या घरच्या मृत्यूची बातमी ऐकून कुणी तसं म्हणालं, तर त्याला ठरलेलं उत्तर शोधत बसू नका. "तुम्ही आलात, बरं वाटलं," म्हणा, आणि बसायला जागा द्या.