मटक्यावर छापा पडतो, मग मटका बंद का होत नाही?

नमस्कार मंडळी. आज मी लक्ष्मीपुरीत उभा आहे. मागं बाजार उठायला लागलाय, थोडा आवाज येईल, तेवढं सांभाळून घ्या.

कोल्हापुरात पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला एक बातमी पाठ आहे. चार ओळींची असते. मटका घेताना एकास अटक, चिठ्ठ्या, मोबाईल आणि रोख रक्कम जप्त. आणि प्रत्येक पेठेतल्या माणसाला पुढचंही माहीत असतं. चार दिवसांनी त्याच कोपऱ्यावर दुसरा कोणीतरी आकडा घेत बसलेला असतो. लोक म्हणतात, हप्ता चालतो. हप्ता चालत असेलही. पण तेवढ्यानं उत्तर पुरं होत नाही, कारण लाच घेणारा अधिकारी बदलून गेला तरी धंदा तिथंच असतो. गुन्हेशास्त्राचे अभ्यासक या प्रश्नाकडं वेगळ्या बाजूनं बघतात. ते आधी धंद्याचा हिशेब मांडतात. आपणही तेच करू.

मटक्याचा जन्म कापसाच्या बाजारातला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव मुंबईत तारेनं यायचे, त्यांच्यावर पैसे लागायचे. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथले. १९६१ साली ते भाव यायचे थांबले. मग आकडे इथंच काढायला सुरुवात झाली. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत, आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी स्वतंत्रपणे. मडक्यातून चिठ्ठी, पुढं पत्ते. तीन पत्ते निघाले, समजा २, ५ आणि ८. बेरीज १५. शेवटचा आकडा ५, तो ओपन. तसाच क्लोज. दोन्ही मिळून जोडी.

एका आकड्यावर लावलेल्या रुपयाला साधारण ९ रुपये मिळतात, जोडीला ९०. आकडे दहा आहेत, म्हणजे सरासरीनं शंभरातले ९० रुपये खेळणाऱ्यांकडं परत जातात आणि धंद्याकडं १० राहतात.

आता पानपट्टीवर आकडा घेणाऱ्या माणसाच्या जागी बसून बघा. आज त्याच्याकडं १०,००० रुपये आले. दहाही आकड्यांवर सारखेच असते, तर कुठलाही आकडा येऊ दे, ९,००० वाटायचे आणि १,००० खिशात. पण लोक असं सारखं वाटून खेळत नाहीत. कुणाला स्वप्न पडतं, कुणी गाडीचा नंबर बघतो. आज सगळे ७ वर तुटून पडलेत. एकट्या ७ वर ३,००० आहेत. ७ आला तर २७,००० द्यायचे. गल्ल्यात आहेत १०,०००. उरलेले १७,००० कुठून आणणार?

म्हणून तो ७ वरचे २,२०० रुपये संध्याकाळी वरच्या बुकीकडं लावून टाकतो. हिशेब नीट बघा. हातात राहिले ७,८००. ७ आला, तर वरून १९,८०० येतात. एकूण २७,६००. लोकांना २७,००० दिले, ६०० उरले. दुसरा एखादा आकडा आला आणि त्यावर ८०० लागले होते असं धरा. ७,२०० वाटले, तरी ६०० उरले. कमाई कमी झाली, पण झोप लागते.

साखळी इथं जन्माला येते. वर बसलेल्या कुणी नकाशा काढून माणसं नेमलेली नसतात. खालच्याला आपल्या डोक्यावरचा भार पेलत नाही, म्हणून तो स्वतःहून वरच्याला शोधतो. वरचाही त्याच कारणानं आणखी वरच्याला.

आणि आता खरी अडचण. ७ आला. वरच्या बुकीनं १९,८०० दिलेच नाहीत. हा कुठं जाणार? दिवाणी कोर्टात? चिठ्ठी हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा आहे. आणि गिऱ्हाईक तर दारात उभं आहे. शेतमालाचा व्यापारी फसला तर बाजार समितीत तक्रार करतो, वकील करतो. याला तिसरा माणूस लागतो, ज्याचा शब्द दोघंही मोडणार नाहीत. थॉमस शेलिंग या अर्थतज्ज्ञानं १९७१ च्या सुमारास म्हटलं की संघटित गुन्हेगारीचा पहिला बळी बुकी स्वतः असतो, कारण त्याला लुटलं तरी तो पोलिसांत जाऊ शकत नाही. समाजशास्त्रज्ञ दिएगो गाम्बेत्ता यांनी १९९३ मध्ये सिसिलीच्या माफियाबद्दल याच्याही पुढचं मांडलं. माफिया विकते ते संरक्षण, म्हणजे व्यवहार पाळला जाईल याची हमी. खंडणी आणि हमी यांच्यातली रेघ फार पुसट असते. पैसे देणाऱ्यालाही बऱ्याचदा ती सांगता येत नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते अर्थतज्ज्ञ पीटर रॉयटर यांचं काम. त्याआधी अमेरिकेत गुन्हेशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांनी रंगवलेलं माफियाचं चित्र प्रमाण मानलं जाई. देशभर पसरलेली, पायऱ्या-पायऱ्यांची एकच संघटना, एखाद्या कंपनीसारखी. रॉयटर यांनी न्यूयॉर्कचा बेकायदा आकड्यांचा धंदा, बुकी आणि सावकारी तपासली आणि १९८३ मध्ये निष्कर्ष छापले. तिथं मक्तेदारी नव्हती. धंदे लहान होते, एकमेकांशी स्पर्धा करत होते. लहानच राहणार, कारण जाहिरात करता येत नाही, बँकेचं कर्ज मिळत नाही, हिशेबाच्या वह्या ठेवल्या तर पकडले जातात, आणि नोकर जितके जास्त तितके उद्या साक्ष देणारे जास्त. माफियाचा तिथला मोठा उपयोग भांडण मिटवायला होता. तिच्या हिंसेच्या ख्यातीमुळं प्रत्यक्ष हिंसा फारशी करावी लागत नव्हती.

हे लक्षात घेतलं की छाप्याचा अर्थ बदलतो. पानपट्टीवरचा माणूस उचलला, तर जागा रिकामी होते, पण खेळणारी माणसं तिथंच असतात आणि वरचा बुकी हमी द्यायला तयार असतो. नव्याला फारसं भांडवल लागत नाही. त्यातही सततच्या छाप्यांत टिकतो कोण? ज्याच्या मागं कुणीतरी आहे तो. एकटा, भिडस्त माणूस आधी बाहेर पडतो. म्हणजे नुसत्या खालच्या अटकांनी उरलेला बाजार दादाच्या हातात जास्त जाण्याचा धोका असतो.

रॉयटर यांचं न्यूयॉर्क जसंच्या तसं कोल्हापुरावर बसवू नका. एप्रिल २०१९ मध्ये आपल्या यादवनगरात मटक्याच्या अड्ड्यावर छाप्याला गेलेल्या पोलीस पथकावर जमाव चालून गेला. पुढं त्या प्रकरणात मोक्का लावला गेला. जिथं धंदा करणाऱ्याची वस्तीवर पकड आहे, तिथं नुसता बाजाराचा हिशेब पुरत नाही. ती पकड कशी तयार होते, हे वेगळं शोधावं लागतं. उसनवारी, आजारपणाला मदत, मंडळाची वर्गणी, निवडणुकीची माणसं.

कारवाईचा परिणाम झाला की नाही, हे ओळखायला माझ्या मते एक चांगली खूण आहे. अटकांचा आकडा बघू नका, भाव बघा. बुकीचा धोका आणि खर्च खरंच वाढला, तर तो खेळणाऱ्याकडून वसूल होणार. रुपयाला ९ चे ८ होतील, उधारी बंद होईल, मोठा आकडा घ्यायला नकार मिळेल. भाव ९ वरच असेल, तर धंद्याला छापा झेपलाय. आता चिठ्ठीऐवजी मोबाईलवर आकडा जातो, तरी हा प्रश्न तसाच विचारता येतो.

सरकारनंच असा खेळ काढला तर? न्यूयॉर्क राज्यानं तीन आकड्यांचा रोजचा खेळ काढला. हजार शक्यता, डॉलरला ५०० मिळायचे. रस्त्यावरचा बेकायदा धंदा साधारण ६०० देत होता, वर उधारीही. तो लगेच संपला नाही. ज्या गिऱ्हाइकाला पगाराआधी चार दिवस उधारीवर खेळायचं होतं, त्याला सरकारी खिडकीवर ते मिळत नव्हतं.