खोलीचं भाडं आणि कापलेलं बिल
(चाकणच्या एका कारखान्यातील गेट सभेत युनियनच्या सरचिटणीसांनी केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

बंधूंनो, भगिनींनो, महिन्याचा पगार 21,000 च्या वर गेला की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, सुटतं. सहामाही संपेपर्यंत ते चालतं, मग कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमचं कार्ड हातात येतं. इथेच घोटाळा होतो. ईएसआयच्या दवाखान्यात आपल्याला बिल भरायची सवय नव्हती, म्हणून तीन लाखांचं कार्ड म्हणजे तीन लाखांपर्यंत सगळं फुकट, असं आपण धरून चालतो. तसं नाही.

आपल्या पॉलिसीत चांगलं काय ते आधी सांगतो. शुगर, बीपी असे जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेत. स्वतःहून पॉलिसी घेतली तर त्यासाठी काही वर्षं थांबावं लागतं. दाखल होण्याआधीच्या 30 दिवसांचा आणि घरी आल्यावरच्या 60 दिवसांचा त्याच आजाराचा खर्च मिळतो. म्हणून तपासण्यांची, औषधांची बिलं फेकू नका.

आता ज्यापायी कमिटीकडे सगळ्यात जास्त तक्रारी येतात ते. खोलीच्या भाड्याची मर्यादा. आपल्या पॉलिसीत ती विम्याच्या रकमेच्या एक टक्का आहे, म्हणजे दिवसाला 3,000. आयसीयूला दोन टक्के. लोक म्हणतात, ‘पाच हजारांची खोली घेतली तर वरचे दोन हजार मी भरीन, काय बिघडलं?’ बिघडतं ते पुढे.

हिशेब नीट ऐका. समजा, आपल्यातला एक जण अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी चार दिवस दाखल झाला आणि 5,000 ची खोली घेतली. खोलीचे झाले 20,000. सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, नर्सिंग, डॉक्टरांच्या व्हिजिट मिळून 80,000. औषधं आणि तपासण्या 30,000. हातमोजे, मास्क, रजिस्ट्रेशन असलं किरकोळ 6,000. एकूण 1,36,000.

विमा कंपनी खोलीचे 12,000 देणार. पण ती म्हणते, पाचाच्या खोलीत तुमचा हक्क तीनाचा, म्हणून डॉक्टर आणि थिएटरचे पैसेही पाचास तीन याच प्रमाणात. 80,000 चे झाले 48,000. औषधं-तपासण्यांचे 30,000 पूर्ण. किरकोळचे शून्य, कारण ते पॉलिसीत बसतच नाही. मिळाले 90,000, खिशातून गेले 46,000. त्यात खोलीच्या भाड्याचा फरक फक्त 8,000 होता. 32,000 गेले त्या खोलीपायी डॉक्टरांच्या बिलातून! बायकोचे दागिने गहाण पडतात ते या 32,000 साठी, आणि डिस्चार्जच्या टेबलावर माणसाला ते कळतं, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

तेव्हा दाखल करतानाच टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या एजन्सीच्या, डेस्कवर विचारा: ‘आमची लिमिट 3,000, त्यात कोणती खोली बसते?’ जनरल किंवा ट्विन शेअरिंग बसत असेल तर तीच घ्या. लिमिटमधली खोली रिकामी नाही असं म्हणाले, तर ते कागदावर लिहून मागा आणि त्याच क्षणी कमिटीला फोन करा. रात्री दोन वाजताही करा.

आणि ही कपात कुठे लागत नाही, तेही पाठ करा. विमा नियामकाच्या 2020 च्या नियमांनुसार औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या या प्रमाणात कापता येत नाहीत. ज्या हॉस्पिटलात खोली बदलली तरी डॉक्टरांचे दर बदलत नाहीत, तिथे ही कपात करायचीच नाही. तरीही अख्ख्या बिलाला सरसकट 60 टक्के लावलेली सेटलमेंट पत्रं माझ्या टेबलावर येतात. वरच्या उदाहरणात तसं केलं तर औषधांचेच 12,000 बुडाले असते. ओळखायची खूण सोपी आहे: पत्रात औषधांच्या ओळीसमोर कपात दिसली की समजा, भांडायचं आहे.

भांडायचं कसं? आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी अर्ज. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुण्यातल्या विमा लोकपालाकडे. तिथे फी नाही, वकील लागत नाही. पण नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं.

आई-वडिलांचं वेगळं आहे. त्यांच्या मंजूर रकमेतले 20 टक्के आपल्याला भरावे लागतात. कॅशलेस मिळालं तरी तेवढी सोय करूनच जा. रिटायर होणाऱ्यांनी तर शेवटच्या महिन्याआधी कमिटीला भेटा, कारण नोकरी संपली की हे कार्डही संपतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज त्याआधी करायला हवा.

येत्या करारात खोलीची ही मर्यादा काढून टाका, अशी आपली मागणी आहे. मॅनेजमेंट म्हणेल, प्रीमियम वाढेल. वाढेल, हे मलाही माहीत आहे. म्हणून ज्यांचे ज्यांचे पैसे कापले गेलेत, त्यांनी सेटलमेंट पत्र आणि बिलाची झेरॉक्स शनिवारपर्यंत युनियन ऑफिसात आणून द्या. एका कामगाराला किती भुर्दंड पडला आणि प्रीमियम माणशी किती वाढेल, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवूनच मी त्यांच्यासमोर बसणार आहे.