रोमन सैन्य शत्रूच्या मुलखात रात्री झोपायचं कसं?

सन 15, जर्मनी. रोमन सेनापती कैकिना चार लीजन, म्हणजे प्रत्येकी काही हजार सैनिकांची पथकं, घेऊन ऱ्हाइन नदीकडे परत निघालाय. वाट दलदलीतून जाते, जुना अरुंद बांध आहे, दोन्हीकडे चिखल आणि वर जंगलाच्या उतारावर जर्मन सरदार आर्मिनियसची माणसं. हाच तो आर्मिनियस ज्याने 6 वर्षांपूर्वी रोमन सेनापती वॅरसच्या तीन लीजन पार संपवल्या होत्या. दिवसभर मार खाऊन, चिखलात लोळून, संध्याकाळी हे लोक कसेबसे कोरड्या मोकळ्या जमिनीवर पोचले आणि पोचल्या पोचल्या खणायला लागले.

कारण मोहिमेवरच्या रोमन सैन्याचा शिरस्ताच तो. जिथे मुक्काम तिथे खंदक, मग एका रात्रीसाठी का असेना. एरवी हे काम कसं व्हायचं बघा. सैन्य पोचायच्या आधीच एक ट्रिब्यून म्हणजे वरिष्ठ अधिकारी आणि काही सेंच्युरियन म्हणजे तुकड्यांचे नायक पुढे जाऊन जागा हेरायचे, जरा उंचावरची, पाण्याजवळची, आसपास शत्रूला लपायला झाडी नसलेली. सेनापतीच्या तंबूच्या जागी पांढरं निशाण रोवायचं आणि तिथून मापं टाकून रस्ते आखायचे. आखणी रोज तीच, त्यामुळे मागून येणाऱ्या प्रत्येकाला आपला तंबू कुठे लागणार हे न विचारता कळायचं, अंधारात हल्ला झाला तरी कुठे धावायचं तेही पाठ.

मग खोदकाम. शत्रू जवळ असेल तर काही तुकड्या शस्त्रं घेऊन पहाऱ्यावर उभ्या राहायच्या आणि बाकीचे खणायचे. खंदकाची माती आतल्या बाजूला टाकून बांध घालायचा आणि त्यावर सैनिकांनी सोबत वाहून आणलेले टोकदार खुंट रोवायचे. आता खरं सांगायचं तर साधा खंदक फार मोठा नसायचा, पाचेक फूट रुंद आणि तीनेक फूट खोल, तरणा माणूस उडी मारून जाईल. पण धावत येणाऱ्या घोळक्याचा वेग तिथे तुटतो आणि वर बांधावर भाले घेऊन माणसं उभी असतात, तेवढा वेळ मिळाला की आतले तयार होतात. शिवाय बांध आणि तंबू यांच्यात मोकळी पट्टी ठेवायचे, ग्रीक इतिहासकार पॉलिबियस ती 200 फूट सांगतो, म्हणजे बाहेरून फेकलेला भाला किंवा जळता पलिता तंबूपर्यंत पोचू नये आणि सैन्याला रांगा लावायला जागा मिळावी.

पहाऱ्याची शिस्त तर फारच कडक. रात्रीचे चार प्रहर, प्रत्येक चौकीवरच्या पहारेकऱ्याकडे खुणेची छोटी पाटी, ती गस्तवाला येऊन गोळा करणार. पहारेकरी झोपलेला सापडला तर गस्तवाला साक्षीदार करून पुढे जायचा, सकाळी चौकशी, आणि दोषी ठरला तर त्याचेच सोबती त्याला दगड-काठ्यांनी मारायचे, बहुतेक जण त्यात मरायचेच.

आता परत कैकिनाकडे. त्या संध्याकाळी खणायची अवजारं बरीचशी चिखलात गेलेली, तंबू नाहीत, जखमींना बांधायला पट्ट्या नाहीत. तरी छावणी उभी राहिली. त्याच मोहिमेत या सैन्याने वॅरसच्या छावण्यांचे अवशेष पाहिले होते, पहिली ऐसपैस आणि मापात आखलेली, पुढची अर्धवट बांध आणि उथळ खंदक असलेली, म्हणजे तिथवर किती थोडे उरले होते ते मातीच सांगत होती.

रात्री एक घोडा सुटून उधळला. जर्मन आत शिरले असं वाटून सगळे मागच्या दरवाजाकडे पळाले, कारण तो शत्रूपासून लांबचा. कैकिनाने ओरडून पाहिलं, हात धरून पाहिलं, कोणी ऐकेना, शेवटी तो स्वतः दरवाजात आडवा पडला. सेनापतीच्या अंगावरून कोण जाणार? लोक थांबले. भिंत कितीही चांगली असली तरी आतली माणसं घाबरून बाहेर पळाली की ती कामाची नाही, हे त्याला नीट माहीत होतं.

तिकडे आर्मिनियस म्हणत होता की यांना बाहेर पडू द्या, मग दलदलीत गाठू. सल्ला अगदी अचूक होता. पण त्याचा काका इंग्विओमेरस म्हणाला छावणीवरच चढाई करू, आणि लोकांना तेच पटलं. पहाटे जर्मनांनी खंदक बुजवले, बांधाला लटकले, वर मोजकेच रोमन दिसत होते, जणू भीतीने गोठलेले. कैकिनाने मुद्दाम सगळ्यांना आत थांबवून ठेवलं होतं. शत्रू बांधाला पुरता चिकटला तेव्हा कर्णे वाजले आणि लीजन बाहेर पडून त्यांच्या पाठीवर आल्या, इथे ना जंगल ना चिखल, सपाट जमीन. आर्मिनियस धडधाकट निसटला, इंग्विओमेरस गंभीर जखमी झाला, आणि दिवस मावळेपर्यंत कत्तल चालली.

ऱ्हाइनच्या काठी मात्र सैन्य बुडाल्याची अफवा आधीच पोचली होती आणि काही जण घाबरून पूल तोडायला निघाले होते. या मोहिमेचा सरसेनापती जर्मॅनिकस, त्याची बायको अॅग्रिपिना हिने त्यांना अडवलं, म्हणून कैकिनाच्या लीजनना पलीकडे जायला पूल शाबूत मिळाला.